मृतदेहाची लांबी आणि जिवंतपणीची उंची: शवविच्छेदन अहवालातला फरक (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

तपासी अंमलदार, नव्याने शवविच्छेदन करू लागलेले वैद्यकीय अधिकारी आणि बेपत्ता माणसाच्या शोधात पोलीस ठाण्याचे उंबरठे झिजवणारे नातेवाईक हे तिघेही वेगवेगळ्या शब्दांत एकच प्रश्न विचारतात: "अहवालातला आकडा आमच्याकडच्या आकड्याशी का जुळत नाही?" पुढची उत्तरे त्या तिघांसाठी आहेत.

अहवालात "उंची" न लिहिता "लांबी" का लिहितात?

दोन्ही मापे वेगळी आहेत म्हणून. उंची म्हणजे उभ्या, शुद्धीवर असलेल्या माणसाचे जमिनीपासून माथ्यापर्यंतचे माप. त्या वेळी डोक्याचे आणि धडाचे वजन कण्यावर असते आणि पाठीचे स्नायू कणा सावरून धरत असतात. लांबी म्हणजे टेबलावर उताण्या निजवलेल्या देहाचे माथ्यापासून टाचेपर्यंतचे माप. इथे कण्यावर भार नसतो, स्नायूंची पकडही नसते. अंगणवाडीत वजन-उंची घेताना हाच भेद पाळतात. दोन वर्षांखालचे मूल आडवे ठेवून मोजतात आणि नोंद "लांबी" अशी होते. दोन वर्षांवरचे मूल उभे करून मोजतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या मानकांत या दोन मापांमध्ये ०.७ सेंटिमीटरचा फरक धरला आहे, आडवे माप जास्त. एवढ्याशा मुलात इतका फरक, तर प्रौढ माणसात तो जास्त असणारच.

मृत्यूनंतर शरीर खरेच लांबते का?

हाडे लांबत नाहीत. मांडीचे हाड मृत्यूपूर्वी ४४ सेंटिमीटर असेल, तर शवागारातही ४४च असते. वाढते ती हाडांमधल्या जागांची बेरीज, आणि त्यातला मोठा वाटा पाठीच्या कण्याचा.

कण्याच्या मणक्यांमध्ये २३ चकत्या असतात आणि कण्याच्या लांबीतला साधारण चौथा हिस्सा या चकत्यांचा असतो. चकतीचा गाभा पाणी धरून ठेवणाऱ्या जेलीसारखा असतो. दिवसभर उभे राहिल्या-बसल्याने त्यातले पाणी थोडे बाहेर दाबले जाते आणि रात्री झोपेत ते परत शोषले जाते. म्हणून धडधाकट माणूसही सकाळी उठल्यावर संध्याकाळपेक्षा सरासरी दीड सेंटिमीटरच्या आसपास उंच भरतो. त्यातली बरीचशी घट उठल्यापासून पहिल्या काही तासांतच होते.

दुसरे कारण कण्याचे बाक. उभ्या माणसाच्या मानेला आणि कमरेला पुढे बाक असतो, छातीच्या भागात मागे. सपाट टेबलावर हे बाक काही अंशी सरळ होतात. वाकलेली तार ताणली की तिची दोन टोके लांब जातात, तसेच हे.

तिसरे कारण स्नायूंचा ताण संपणे. जिवंत माणूस झोपला तरी त्याचे स्नायू पूर्ण सैल पडत नाहीत. मृत्यूनंतर लगेच सगळे स्नायू शिथिल होतात आणि खुबा, गुडघा, घोटा या मोठ्या सांध्यांमधली घट्ट बसण जराशी ढिली होते.

या तिन्हींची बेरीज बहुतेक प्रौढांत २ ते २.५ सेंटिमीटर येते, म्हणजे जेमतेम एक इंच. न्यायवैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत हाच आकडा दिसतो.

हा अडीच सेंटिमीटरचा आकडा आला कुठून?

हे माहीत असायला हवे, कारण त्यावरच या आकड्यावर किती भिस्त ठेवायची ते ठरते. फ्रान्समध्ये १८८८ साली रोले यांनी १०० मृतदेहांची लांबी आणि हाडे मोजली. पुढे मानुव्रिए यांनी त्या सामग्रीवरून कोष्टके बनवली आणि जिवंतपणीच्या उंचीसाठी २ सेंटिमीटर वजा करायला सांगितले. आज सर्वांत जास्त वापरला जाणारा २.५ हा आकडा मिल्ड्रेड ट्रॉटर आणि गोल्डीन ग्लेसर यांच्या १९५२ च्या अभ्यासातला. त्यांच्याकडे दोन गट होते. पहिला गट दुसऱ्या महायुद्धात मरण पावलेल्या अमेरिकन सैनिकांचा. त्यांची भरतीच्या वेळची उंची नोंदलेली होती. दुसरा गट सेंट लुईस इथल्या टेरी संग्रहातल्या मृतदेहांचा. त्यांची लांबी मृत्यूनंतर मोजली होती. या दोन गटांची तुलना करून फरक काढला गेला.

म्हणजे तीच माणसे आधी जिवंतपणी आणि मग मृत्यूनंतर मोजून हा आकडा काढलेला नाही. शिवाय टेरी संग्रहातले देह टेबलावर निजवून नव्हे, तर फळीच्या आधाराने उभे धरून मोजलेले होते. आपल्याकडे शवागारात देह आडवा मोजतात. तेव्हा २.५ हा गटांच्या सरासरीतला फरक आहे. एखाद्या विशिष्ट देहात तो १ असू शकतो, ४ असू शकतो. तो वापरावा, पण नेमके माप समजून त्याच्यावर निष्कर्ष टेकवू नये.

देह मोजायची बरोबर पद्धत कोणती?

आधी सांध्यांमधला ताठरपणा किती आहे ते तपासून लिहून घ्या, कारण मृत्यूच्या वेळेच्या अंदाजासाठी ती नोंद लागते आणि गुडघे सरळ करताना ताठरपणा मोडतो. मग देह सपाट टेबलावर उताणा ठेवा. मानेखाली लाकडी ठोकळा असेल तर काढा. डोके असे ठेवा की डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाचे भोक यांना जोडणारी रेषा टेबलाला काटकोनात येईल. हनुवटी वर गेली किंवा छातीकडे झुकली तर माप बदलते.

माथ्याला एक सपाट फळी उभी टेकवा. केसांचा अंबाडा किंवा जटा असतील तर बाजूला सारा. फळी कवटीला लागली पाहिजे. आता गुडघे खाली दाबून पाय सरळ करा आणि पाऊल घोट्यात काटकोनात आणा, माणूस उभा असताना असते तसे. दुसरी फळी टाचेच्या तळाला टेकवा. दोन्ही फळ्यांमधले अंतर टेबलावर, देहाच्या शेजारून, स्टीलच्या टेपने मोजा. देह पुन्हा सारखा करून दुसऱ्यांदा मोजा. दोन मापांत १ सेंटिमीटरहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा मोजा. आकडा सेंटिमीटरमध्ये लिहा.

पावलाबद्दल थोडे जास्त सांगायला हवे, कारण सगळ्यात मोठी चूक तिथेच होते. मृतदेहाचे पाऊल पुढे झुकून पडलेले असते, बोटे टेबलाच्या टोकाकडे. अशा स्थितीत कुणी माथ्यापासून अंगठ्याच्या टोकापर्यंत टेप धरला तर ८ ते १० सेंटिमीटर सहज वाढतात. उलट, पाऊल तसेच झुकलेले ठेवून टाचेपर्यंत मोजले तर टाच वर सरकलेली असल्याने माप थोडे कमी भरते. पाऊल काटकोनात आणल्याखेरीज यातले कोणतेच माप कामाचे नाही.

पंचनाम्यातली उंची आणि शवविच्छेदनातली लांबी वेगळी का येते? बचाव पक्ष यावरून देहच वेगळा होता असे म्हणू शकतो का?

प्रश्न उभा केला जातो, आणि त्याला तयार उत्तर असावे. मरणोत्तर पंचनामा आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होतो, आधी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली होत असे. तो घटनास्थळी होतो: रुळालगत, विहिरीच्या काठावर, शेतात. देह वाकडातिकडा पडलेला असतो, जमीन उंचसखल असते, टेप बहुधा कापडी असतो. अनेकदा मोजतच नाहीत, पंच नजरेने सांगतात आणि "अंदाजे" हा शब्द लिहिला जातो. तसे असेल तर तो शब्द पंचनाम्यात असायलाच हवा.

मोजले असले तरी टेप देहाशेजारून न धरता चेहऱ्यावरून, छातीवरून, पोटावरून ओढला की वळणांमुळे माप वाढते. पोट फुगलेले असेल तर आणखी. त्यात बोटांपर्यंत मोजले की फरक १० सेंटिमीटरच्या वर जातो. दोन्ही मापे कुणी, कुठे, कशाने आणि कोणत्या बिंदूपासून कोणत्या बिंदूपर्यंत घेतली हे लिहिलेले असले की फरकाचे कारण कागदावरच दिसते. देह तोच आहे हे मात्र उंचीवरून ठरत नाही. देहावरची चिठ्ठी, सील, ताबा घेणाऱ्या शिपायाची नोंद, कपडे आणि खुणा यांवरून ठरते.

फूट-इंचांमुळे होणारा घोळ कोणता?

नोंदवहीत "५.६" असे लिहिण्याची सवय. लिहिणाऱ्याच्या मनात ५ फूट ६ इंच असते, म्हणजे १६७.६ सेंटिमीटर. संगणकावर किंवा मोबाइलवर ५.६ फूट टाकले की उत्तर १७०.७ येते. तीन सेंटिमीटरचा हा फरक मृत्यूमुळे पडणाऱ्या फरकाहून मोठा आहे. "५.११" मध्ये तर अनर्थच होतो: ५ फूट ११ इंच म्हणजे १८०.३ सेंटिमीटर, आणि ५.११ फूट म्हणजे १५५.८. बेपत्ता व्यक्तींच्या यादीत असा आकडा गेला की ज्या माणसाचा शोध चालू आहे तो माणूस यादीतून निघूनच जातो, आणि घरचे वर्षानुवर्षे वाट पाहत राहतात. फूट आणि इंच हे शब्द पूर्ण लिहा.

एक उदाहरण आकड्यांसकट सांगाल का?

समजा, खाडीलगत ४० ते ४५ वर्षांच्या अनोळखी पुरुषाचा देह मिळाला. पंचनाम्यात उंची ५ फूट ११ इंच, म्हणजे १८०.३ सेंटिमीटर. शवविच्छेदनात वर सांगितल्याप्रमाणे मोजलेली लांबी १६९.५ सेंटिमीटर. फरक १०.८. चौकशीत कळते की पंचनाम्याच्या वेळी टेप छातीवरून धरला होता आणि पावलाच्या अंगठ्यापर्यंत नेला होता. फरकाचा उलगडा झाला. पुढच्या हिशेबात १६९.५ घ्यायचे.

त्यातून २.५ वजा करून १६७ येतात. पण "उंची १६७" असे लिहायचे नाही. मृत्यूनंतरचा फरक माणसागणिक बदलतो, मोजणीत अर्धा-एक सेंटिमीटर इकडेतिकडे होतो, आणि ज्याच्याशी तुलना करायची ती जिवंतपणीची उंची सकाळी मोजली की संध्याकाळी हेही माहीत नसते. म्हणून जिवंतपणीची उंची १६४ ते १७० सेंटिमीटरच्या दरम्यान असावी असे मत देणे योग्य.

आता नोंदीत तीन बेपत्ता पुरुष आहेत. पहिल्याची उंची ५ फूट ५ इंच, म्हणजे १६५.१. दुसऱ्याची ५ फूट ९ इंच, म्हणजे १७५.३. तिसऱ्याची ६ फूट, म्हणजे १८२.९. पंचनाम्याचा आकडा धरून शोध घेतला असता तर तिसऱ्याच्या घरच्यांना शवागारात बोलावले गेले असते आणि पहिल्याच्या घरच्यांना कुणी कळवलेही नसते. लांबीवरून पाहिले तर पहिला बसतो, तिसरा बसत नाही. दुसरा कक्षेबाहेर आहे, पण त्याला लगेच खोडू नका. ५ फूट ९ इंच हे माप कुठून आले ते आधी विचारा. भावाने आठवणीतून सांगितले असेल तर त्यात ५ सेंटिमीटरची चूक शक्य आहे. रुग्णालयाच्या केसपेपरवर मोजून लिहिलेले १७४ मिळाले, तर मात्र तो बाजूला होतो.

पहिला बसतो याचा अर्थ तोच आहे असा नाही. १६४ ते १७० च्या कक्षेत पुरुषांची संख्या प्रचंड असते. उंची नको ती नावे गाळायला उपयोगी पडते. ओळख पटवायचे काम बोटांचे ठसे, दात, शस्त्रक्रियेच्या खुणा आणि डीएनए यांचे.

हाडांवरून उंची काढली असेल तर पुन्हा अडीच वजा करायचे का?

सूत्र काय देते ते आधी पाहा. काही सूत्रे मृतदेहांच्या लांबीवर बेतलेली असतात. त्यांचे उत्तर म्हणजे देहाची लांबी, आणि त्यातून वजाबाकी करावी लागते. काही सूत्रे जिवंतपणीच्या उंचीवर बेतलेली असतात किंवा त्यांत वजाबाकी आधीच झालेली असते. ट्रॉटर-ग्लेसर यांचे गोऱ्या अमेरिकन पुरुषांसाठीचे सूत्र असे:

उंची = २.३८ × मांडीचे हाड + ६१.४१ (अधिक-उणे ३.२७ सेंटिमीटर)

हाड ४४ सेंटिमीटर असेल तर उत्तर सुमारे १६६.१ येते, आणि ही जिवंतपणीची उंची आहे. यातून पुन्हा २.५ वजा केले की १६३.६ उरतात आणि माणूस विनाकारण बुटका होतो. ही दुहेरी वजाबाकी बऱ्यापैकी आढळते, कारण "मृतदेह म्हणजे अडीच वजा" एवढेच डोक्यात पक्के बसलेले असते. शिवाय सूत्र कोणत्या लोकसमूहाचे आहे तेही अहवालात नमूद करा. अमेरिकन सैनिकांच्या हाडांचे सूत्र विदर्भातल्या किंवा कोकणातल्या माणसाला तंतोतंत लागू पडेल असे मानायला आधार नाही.

म्हाताऱ्या माणसात हिशेब बदलतो का?

बदलतो, आणि इथे फसगत होते. वय वाढते तशा चकत्या पातळ होतात, मणके दबतात, पाठीला पोक येतो. ट्रॉटर-ग्लेसर यांनी तिशीनंतर दर वर्षी ०.०६ सेंटिमीटर घट धरली. सत्तरीत ती २.४ सेंटिमीटर होते. समजा, एका माणसाची बावीस वर्षांचा असताना भरतीत नोंदलेली उंची १६८ होती. सत्तराव्या वर्षी तो साधारण १६५.६ भरेल. मृत्यूनंतर २.५ वाढले की लांबी येते १६८.१. दोन्ही आकडे अगदी जुळलेले दिसतात, पण ते जुळले कारण दोन विरुद्ध फरकांनी एकमेकांना खोडले. अशा वेळी अहवालाचा वाचक म्हणू शकतो की मृत्यूनंतर फरक पडतच नाही. म्हणून नोंद कितव्या वर्षीची आहे हे उंचीइतकेच महत्त्वाचे. पोक कायमचा झालेला असेल तर तो टेबलावरही सरळ होत नाही. तिथे डोक्याखाली पोकळी राहते, आणि तसे अहवालात लिहावे.

लांबी जिवंतपणीच्या उंचीपेक्षा कमी येऊ शकते का?

हो. ताठरपणा पूर्ण भरात असताना गुडघे-खुबे वाकलेले असतील आणि ते न सोडवता मोजले, तर सरळ माप मिळतच नाही. महाराष्ट्राच्या उन्हाळ्यात ताठरपणा लवकर येतो आणि लवकर उतरतो, तेव्हा मोजणीची वेळ लिहून ठेवा. जळालेल्या देहात उष्णतेने स्नायू आकसून हातपाय मुष्टियोद्ध्यासारखे वाकतात. जोराने सरळ करायला गेले तर हाडे मोडतात. तिथे देहाची एकूण लांबी देण्याऐवजी शक्य तेवढी लांब हाडे मोजावीत. तीही पांढरी पडेपर्यंत जळाली असतील तर आकसलेली असतात. मांडीचे हाड मोडून टोके एकावर एक चढली असतील तर तो पाय आखूड भरतो, म्हणून दोन्ही पाय वेगवेगळे मोजा.

याच्या उलट, बराच वेळ पूर्ण लटकलेल्या देहात मान ताणून लांबते. तिथे नेहमीचे २.५ वजा करून मिळणारा आकडा जिवंतपणीच्या उंचीपेक्षा जास्तच असतो. रेल्वेखाली तुकडे झालेल्या देहात भाग जुळवून केलेली बेरीज ही लांबी म्हणून लिहू नये. "भाग जुळवून अंदाजे" असे लिहावे.

अर्भकाच्या मृतदेहातही वजाबाकी करायची का?

नाही. गर्भाचे किंवा नवजात बाळाचे वय ज्या लांबीवरून काढतात ती आडवीच मोजलेली असते. पाचव्या महिन्यानंतर लांबीला ५ ने भागतात. ४५ सेंटिमीटर म्हणजे ९ महिने. पाय ताणून सरळ केले आहेत ना, एवढे मात्र पाहावे.

अहवालात नेमके काय लिहावे?

दोन गोष्टी दोन जागी. बाह्य तपासणीत फक्त मोजलेले: "मृतदेहाची लांबी माथा ते टाच १६९.५ सेंटिमीटर, उताणा, पावले काटकोनात, गुडघे सरळ करून, स्टील टेपने." त्यात वजाबाकी मिसळायची नाही, कारण पुढे कुणाला वेगळी वजाबाकी करायची असेल तर मूळ आकडा हवा. मतात, ओळखीचा प्रश्न असेल तरच: "जिवंतपणीची उंची अंदाजे १६४ ते १७० सेंटिमीटर, मृत्यूनंतरचा फरक २.५ सेंटिमीटर धरला आहे." अहवालाची प्रत पोलीस ठाण्यात गेल्यावर बेपत्ता नोंदीशी तुलना या दुसऱ्या ओळीशी करायची.

बेपत्ता माणसाच्या घरच्यांना उंची कशी विचारावी?

"उंची किती?" असे विचारले की बहुतेक जण गोल आकडा सांगतात, आणि पुरुषांच्या बाबतीत तो बहुधा थोडा वाढवलेला असतो. आधार कार्डावर उंची नसते, त्यामुळे तिथे शोधून उपयोग नाही. पोलीस किंवा सैन्य भरतीची कागदपत्रे, विमा काढताना झालेली तपासणी, रुग्णालयाचे केसपेपर यांत मोजलेला आकडा असू शकतो. काहीच नसेल तर विचारा की घरातल्या कुणाच्या उंचीचा होता, आणि त्या माणसाला भिंतीला उभे करून मोजा. दाराच्या चौकटीला डोके लागायचे का, पंख्याची दोरी कुठवर यायची, कोणत्या फळीवरचा डबा टाच न उचलता काढायचा, हेही विचारा. ही उत्तरे घरी जाऊन टेपने मोजता येतात. जबाबात आकड्यासोबत "मोजलेली", "कागदावरून" की "आठवणीतून" हेही लिहा.